मुहूर्ताचं अपडेट

शहाद्याच्या बाजारात मोबाईलची दुकानं पुष्कळ. कुणी काच बसवतो, कुणी बॅटरी बदलतो, कुणी नुसती कव्हरं विकतो. पण हेमकांत पाटलाच्या टेबलावर पेचकस क्वचितच दिसायचा. त्याच्यापुढे एक जुना लॅपटॉप, एक मळकी केबल आणि त्या केबलच्या टोकाला कुणाचा तरी फोन. फोन बाहेरून होता तसाच राहायचा आणि आतून पार वेगळा होऊन निघायचा. लोक म्हणायचे, हा फोन दुरुस्त करत नाही, फोनचा जन्म बदलतो. हेमकांतला हे बोलणं फार आवडायचं. तो वरवर हसून सोडून द्यायचा, पण त्या दिवशी घरी कळसाडीला जाताना त्याची मोटारसायकल जरा सावकाश चालायची.

शाळेत त्याला फारसं कुणी हुशार म्हटलं नव्हतं. ऊस आणि कापूस करणाऱ्या गुजर घरातला हा मुलगा. बापाची इच्छा होती त्यानं बांधावर उभं राहावं. त्यानं एका बंद पडलेल्या फोनच्या नादानं इंटरनेटवरचे अनोळखी लोक गाठले, त्यांचं इंग्रजी अडखळत वाचलं, दोन-चार फोन कायमचे मारले आणि मग त्याला ते येऊ लागलं. कंपनीनं ज्या फोनला वाऱ्यावर सोडलं, त्याला हौशी लोकांनी बनवलेली नवी प्रणाली घालायची. रॉम म्हणतात तिला. धडगावकडचे गोवाल गुरुजी असाच एक म्हातारा फोन घेऊन आले होते. हेमकांतनं त्याला नवं अँड्रॉइड चढवलं, वर रूट करून दिलं, म्हणजे फोनच्या मालकाला कुलपाच्या आतही हात घालता येईल असं. गुरुजी खूष होऊन गेले आणि महिन्यानं तणतणत परत आले.

"हेमकांत, मी फक्त अपडेट केलं रे! तू घातलेलं सगळं पुसलं गेलं."

"गुरुजी, ते पुसलं जाणारच," हेमकांत म्हणाला. "फोन ज्या तुकड्यावरून सुरू होतो, त्या तुकड्यात मी माझी वस्तू ठेवलेली असते. अपडेट येतं ते तो तुकडाच नवा कोरा घेऊन येतं. घराची भिंत नवी बांधली की जुन्या भिंतीतला खुंटा कसा राहील?"

"मग दर महिन्याला मी डोंगर उतरून तुझ्याकडे खुंटा ठोकायला यायचं?"

"यायचं," हेमकांत म्हणाला, आणि दोघांनाही हसू आलं.

असा त्याचा धंदा. खुंटा ठोकायचा, अपडेटनं तो उपटायचा, हेमकांतनं पुन्हा ठोकायचा. हसण्यावारी जात होतं तोवर ठीक होतं. सुमेरमल शेठच्या फोनपाशी ते हसण्यावारी जायचं थांबलं.

सुमेरमल शेठ कापसाचे व्यापारी. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले आणि बाजारपेठेत ओट्यावर एक काटा मांडून बसले. तोच ओटा, तीच गादी. शेठनी उभा जन्म त्या गादीवर फोन कानाला लावून काढला. खेतिया गावच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या जिनवाल्याशी भाव बोलायचा तो हळू, तोंडावर हात धरून. शेजारच्या ओट्यावर दुसरा व्यापारी बसलेला, पायरीवर गाडी घेऊन आलेला शेतकरी उभा. आपल्याला वर काय भाव मिळतो हे त्यांच्यातल्या एकाच्याही कानावर गेलं तर त्या दिवसाचा धंदा आटोपला म्हणायचं.

आणि नेमके शेठचे कान गेले. अगदी गेले नाहीत, पण फोनमधलं बोलणं त्यांना मुंगीच्या पावलासारखं येऊ लागलं. आवाज पूर्ण वाढवूनही. लहरीबाई, त्यांची पत्नी, म्हणाल्या, मशीन लावा कानाला. शेठनी दोन दिवस त्यांच्या हातचा चहा घेतला नाही. वायर लावून बोला म्हटलं तर म्हणाले, वायर बाजाराला दिसते. स्पीकरवर बोला म्हटलं तर नुसतं बघितलं.

त्यांचा मुलगा ललित. वाईट मुलगा नाही. पण तो एकदा जेवताना म्हणाला, "बाऊजी, लाभपंचमीना मुहूर्तना सौदा अवंदा मी करस. तुमी नुसता बसा."

नुसता बसा. शेठ हे शब्द घेऊन तडक हेमकांतच्या दुकानात आले होते. दिवाळीनंतरच्या त्या मुहूर्ताला वर्षाचा पहिला सौदा ज्याच्या तोंडून होतो, गादी त्याची.

"पाटील, तू फोनना जन्म बदलस म्हने. मन्हा फोनना आवाज वाढाव. मुहूर्तना सौदा मन्हाच तोंडे व्हयना पाहिजे. नही व्हयना तं गादी गयी समज."

हेमकांतनं फोन पाहिला. चांगला होता, फार जुना नव्हता. कानाशी धरायच्या बारीक स्पीकरला किती जोर द्यायचा याचा आकडा फोनच्या पोटातल्या एका फाईलमध्ये लिहिलेला असतो. कंपनी तो बेतानं ठेवते. तो वाढवायचा म्हणजे रूट हवं, आणि रूट हवं म्हणजे आधी कंपनीचं कुलूप काढायला हवं. कुलूप काढताना फोन आतून सगळा पुसला जातो, हे त्यानं शेठला सांगितलं होतं. शेठनी मान हलवली होती. नंतर लहरीबाईंनी नातीच्या बारशाचे फोटो विचारले तेव्हा ती मान कशाला हलली होती ते कुणालाच आठवेना. बोलणी हेमकांतनं खाल्ली, पण ते पुढचं. त्यानं फोन सुरू होण्याच्या तुकड्यात आपली वस्तू बसवली, आवाजाच्या फाईलवर दुसऱ्या आकड्याची पट्टी डकवली. मूळ फाईलला हात लावला नाही. शेठनी फोन कानाला लावला, खेतियाला नंबर फिरवला आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजाडलं.

"ऐकू येस!" शेठ म्हणाले. "सगळं येस!"

त्यानंतर सुरू झाला अपडेटचा जाच.

कंपनीचं अपडेट रोज सकाळी शेठच्या फोनवर येऊन दार वाजवायचं. शेठ शिस्तीचे, आलेल्याला ताटकळत ठेवणं त्यांना जमायचं नाही. ते दाबायचे. अपडेट उतरायचं, फोन थोडा वेळ विचार करायचा आणि सांगायचा, इन्स्टॉल होऊ शकलं नाही. कारण असं की ते अपडेट म्हणजे अख्खं नवं सामान नसतं, जुन्यात काय बदलायचं तेवढ्याचीच ती पुडी असते. म्हणून ती आधी जुना तुकडा तपासते. कंपनीनं दिला होता तसा कणाकणानं सापडला तरच पुढे जाते. तिथं हेमकांतची वस्तू बसलेली. पुडी परत फिरायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात.

"तू मन्हा फोन बिघाडी टाका," शेठ दुकानात येऊन म्हणायचे.

"बिघाडला नाही शेठ. अपडेटला मी दिसतो, म्हणून ते आत येत नाही. तुम्ही दाबू नका."

"मंग ते रोज कसाले येस?"

 हेमकांतलाही तेच विचारायचं होतं, पण कुणाला?

शेवटी दिवाळीच्या तोंडावर तो म्हणाला, "आणा फोन. एकदाचं रीतसर चढवून देतो." रीत त्याला पाठ होती. आधी आपली वस्तू काढून मूळ तुकडा होता तसा परत ठेवायचा. फोन बंद करून चालू केला नाही तोवर रूट चालूच राहतं, कारण चालू असलेल्या फोनच्या डोक्यात ते बसलेलं असतं. मग अपडेट उतरू द्यायचं. या फोनमध्ये प्रणालीला दोन खोल्या असतात. तुम्ही एकीत राहत असताना अपडेट दुसरी सजवतं. सजवून झालं की फोन म्हणतो, रीस्टार्ट करा. तिथं थांबायचं. रीस्टार्ट करायच्या आधी त्या दुसऱ्या खोलीत आपला खुंटा ठोकून घ्यायचा आणि मगच बटण दाबायचं. एवढा एक थांबा पाळला तर सगळं सुरळीत.

हेमकांतनं मूळ तुकडा परत ठेवला, अपडेट लावलं. पण बाजारात दिवाळीची गर्दी, नेट गोगलगायीसारखं, त्यात वीज गेली. शेठ दुकानाच्या पायरीवर उभे. त्यांना खेतियाहून फोन यायचा होता.

"दे रे फोन. उतरत ऱ्हाई ते मन्हा खिशामा."

इथंच हेमकांत चुकला. त्याला नाही म्हणायला हवं होतं. अर्धवट काम कधी हातातून सोडायचं नाही हा त्याचा स्वतःचाच नियम; पण शेठ वडीलधारे, आणि समोर अजून चार गिऱ्हाइकं.

"शेठ, एक लक्षात ठेवा. शेवटी रीस्टार्ट करा म्हणून येईल. ते दाबायचं नाही. तसाच फोन माझ्याकडे आणायचा."

"आनस."

शेठनी ते खरंच लक्षात ठेवलं. रीस्टार्ट करा म्हणून आलं, त्यांनी दाबलं नाही. पण हेमकांतकडेही आणला नाही, आणि दिवाळीच्या धांदलीत हेमकांतनंही विचारलं नाही. त्यांच्या मनात दुसरंच शिजत होतं. नवी वस्तू, नवं काम, नवा काटा मुहूर्ताशिवाय वापरात घ्यायचा नाही, ही त्यांच्या घरची पिढीजात पद्धत. फोन जर नवा होणार असेल तर तो लाभपंचमीलाच व्हावा, काट्याच्या पूजेसोबत. यात त्यांना काही चुकीचं दिसलं नाही. त्यांच्या जागी त्यांचे आजोबा असते तर त्यांनाही दिसलं नसतं.

लाभपंचमीला ओटा धुतला, झेंडूची माळ लागली. काट्याला हळदकुंकू, मापाड्याला टिळा, पहिली गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्याला श्रीफळ. हेमकांतलाही बोलावणं होतं. तो नवा शर्ट घालून शेजारच्या ओट्याच्या लोकांत उभा होता. गाडीतल्या कापसाचा पांढरा ढीग उन्हात असा दिसत होता की डोळे निवावेत. लहरीबाईंनी ताट फिरवलं. शेठनी खिशातून फोन काढून काट्याच्या पारड्यात ठेवला, त्याला कुंकवाचं बोट लावलं, डोळे मिटले आणि पडद्यावरचं बटण दाबलं.

हेमकांतनं ते पाहिलं. त्याच्या तोंडून "शेठ!" निघालं, पण तोवर पडदा काळा झाला होता.

फोन उठला. अपडेट नीट चढलं, असं त्यानंच सांगितलं. शेठनी समाधानानं खेतियाचा नंबर लावला, तोंडावर हात धरला. आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांनी फोन कानावर दाबला. मग दुसऱ्या कानावर. पलीकडून जिनवाला बोलत होता, कानाशी असूनही कोसभर दूर होता.

"हेमकांत," शेठ म्हणाले. मोठ्यानं नाही. "आवाज गया."

"शेठ, मी सांगितलं होतं ना, दाबू नका!"

"मुहूर्तवर दाबं मी! मुहूर्तवर दाबेलले काय व्हस?"

ललित पुढे आला. "बाऊजी, ऱ्हाऊ द्या. मन्हा फोनवरतीन मी बोलस."

"तू थांब!"

हेमकांत फोन घेऊन धावतच दुकानात गेला. मुहूर्ताची वेळ उलटायच्या आत परत यायचं होतं. नव्या प्रणालीत खुंटा ठोकायचा तर त्याच नव्या प्रणालीचा सुरुवातीचा तुकडा हवा. तो कंपनीच्या अख्ख्या गाठोड्यातून काढावा लागतो आणि ते गाठोडं त्याच्या नेटवर उतरायला संध्याकाळ होणार. जगभरच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर त्यानं विचारलं, कुणाकडे हा तुकडा आहे का? अपडेट ताजं होतं. कुणाकडे नव्हता. एकानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

लॅपटॉपमध्ये त्याच्या हातची एक तयार फाईल होती. याच फोनची, त्याची वस्तू बसवलेली. पण मागच्या प्रणालीची. एरवी कुणी नव्या पोरानं ती वापरली असती तर हेमकांतनं त्याची भर दुकानात हजामत केली असती. आता त्याच्या डोळ्यांपुढे ओट्यावर उभे असलेले शेठ होते. त्यानं केबल लावली आणि ती फाईल चढवली.

फोन चालू झाला. हेमकांतनं श्वास सोडला. मग वरच्या कोपऱ्यात पाहिलं; वायफाय लागेना. त्यानं रिंगटोन वाजवून पाहिली. काहीच नाही. कानाचा स्पीकर नाही, मोठा स्पीकर नाही. फोनचा गाभा जुना आणि वायफाय, आवाज चालवणारे बाकीचे भाग नवे. त्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं. मघाशी मुंगीइतका तरी आवाज होता. आता तोही त्यानं स्वतःच्या हातानं घालवला होता.

त्यानं टेबलावर मूठ आपटली. एवढं शिकून, एवढे फोन जगवून, आज नको तेव्हा हात घाईला आला. पूर्वीची खोलीही आता परतायला उरली नव्हती, नव्या सामानानं तिची जागा खाल्ली होती. गाठोडं उतरवायला लावून तो मोकळ्या हातानं ओट्यावर परतला.

सगळे त्याच्या हाताकडे बघत होते.

"शेठ, संध्याकाळपर्यंत होईल. घाईत मी चुकीची फाईल टाकली. आत्ता त्यात आवाजच नाही."

शेजारच्या ओट्यावर कुणीतरी खाकरलं. मगन नावाचा तिथला दलाल म्हणाला, "पाटील, शेठना फोनले बी आते कानना डॉक्टर लागस का?" दोन हमाल हसले आणि शेठकडे बघून गाडीकडे वळले.

ललितनं खिशातून स्वतःचा फोन काढला, नंबर लावला, आणि कानाला लावणार तोच शेठनी हात पुढे केला. मागितला नाही, नुसता हात पसरून धरला. ललितनं बापाकडे पाहिलं. मग फोन त्या हातावर ठेवला.

शेठनी तो कानाला नेला नाही. "ते मोठा आवाजनं बटन कोनतं?" त्यांनी विचारलं.

"बाऊजी, सगळास्ले भाव ऐकू जाई."

"कोनतं, इचारी ऱ्हायनू मी!"

ललितनं स्पीकर लावला. शेठ गादीवर ताठ बसले, फोन समोर धरला आणि असे ओरडले की गाडीचा बैल बिचकला. "बोला, खेतिया! मुहूर्तना भाव बोला! जोरमा बोला, माले कमी ऐकू येस!"

पलीकडचा माणूस क्षणभर गोंधळला असावा. मग त्यानं भाव सांगितला. सगळ्या बाजारपेठेनं तो ऐकला. शेठनी वर मागितला, तोही सगळ्यांनी ऐकला. घासाघीस झाली, सौदा ठरला. गाडीवाल्या शेतकऱ्यानं मधला फरक मनातल्या मनात काढला आणि लगेच तोंड उघडलं, "शेठ, मंग माले जरा चढीसन द्या." द्यावा लागला. शेजारच्यांनी त्याच भावावर आपापले फोन काढले. एवढ्या वर्षांत शेठनी तळहाताआड जपलेली गोष्ट उघड्यावर पसरली होती, आणि त्यांचे कानही.

काट्यावर पहिलं माप पडलं. लहरीबाईंनी पेढे वाटले. हेमकांतनं पेढा घेतला आणि तो हातातच धरून दुकानाकडे चालू लागला.

गाठोडं उतरलं तेव्हा ऊन कलत आलं होतं. त्यानं त्यातून नवा तुकडा काढला, कोराच फोनवर चढवला. वायफाय आलं, रिंगटोन वाजली. मग त्यानं त्याच तुकड्यात आपली वस्तू बसवून दुसरी फाईल तयार केली. या वेळी नाव, आवृत्ती, सगळं पुन्हा पुन्हा ताडून पाहिलं. एवढी चढवली की झालं. आत राहिलेली आवाजाची पट्टी पुन्हा लागू झाली असती, शेठना बटण दाबायच्या आधीसारखं ऐकू आलं असतं. पण न विचारता चढवायला त्याचा हात धजेना. लॅपटॉप काखेत मारून तो ओट्यावर गेला.

शेठ एकटेच बसले होते. ललित आत कापसाची गंजी लावून घेत होता.

"शेठ, फोन पहिल्यासारखा झाला, कंपनीचा. आता इथंच बसून आवाज वाढवून देतो. या वेळी पक्कं."

"पुढला अपडेटले?"

हेमकांतनं खोटं बोलायचा विचार केला. "पुढच्याला पुन्हा आणावा लागेल."

"त्याना पुढलाले?"

"तेव्हाही."

"मंग पक्कं काय शे त्यामा?" शेठ म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता आणि हेमकांतला तेच लागलं. "पाटील, तुन्हा हात चांगला शे. पन मी मन्हा कान तुन्हा दुकानमा गहाण ठेवा व्हता. वीज गयी तं मी बहिरा. तू घाई करी तं मी बहिरा. मी बटन दाबं तं मी बहिरा."

"तुम्ही दाबायला नको होतं," हेमकांत म्हणाला. त्याला राहवलं नाही. "मी सांगितलं होतं. एवढी एकच गोष्ट सांगितली होती!"

"आनि तू आवाज मारी टाका."

 दोघांचंही खरं होतं, आणि त्याचा दोघांनाही राग आला होता.

"जे टाकेल व्हतं ते काढी टाक," शेठ शेवटी म्हणाले. "कंपनीनं जसं दिधं तसं ऱ्हाऊ दे. अपडेट येवो, जावो. बाजारले ठाऊक पडी गयं, आते कसाले लपाडू?"

"कुलूप परत लावलं तर पुन्हा सगळं पुसलं जाईल. फोटो, नंबर."

"मंग नको लावू. उघडंच ऱ्हाऊ दे."

हेमकांतनं त्यांच्यासमोर आवाजाची पट्टी पुसली, आपल्या वस्तूचं जे काही उरलं होतं ते काढलं. त्याच्या हातचं फोनमध्ये काही उरलं नाही. फक्त सुरू होताना कुलूप उघडं असल्याचा एक इशारा तेवढा दिसायचा. ज्या कामाचा त्याला सबंध तालुक्यात अभिमान होता ते पुसायला चहाचा कप संपेपर्यंतचाही वेळ लागला नाही. त्यानं तयार करून आणलेली दुसरी फाईल लॅपटॉपवर तशीच उघडी होती, बिनचूक.

शेठनी फोन घेतला. खेतियाहून उद्याच्या गाड्यांसाठी फोन येत होता. त्यांनी स्पीकरचं बटण शोधलं, चुकीचं दाबलं, पुन्हा शोधलं. हेमकांतचा हात आपसूक पुढे गेला. शेठनी मान न वळवता फोन दुसऱ्या बाजूला फिरवला आणि बटण त्यांना सापडलं.

"बोला!" ते ओरडले. "जोरमा!"

शेजारच्या ओट्यावरचे लोक पुन्हा इकडे वळून ऐकू लागले. हेमकांतनं केबल गुंडाळायला घेतली, ती नीट गुंडाळली जाईना, तशीच खिशात कोंबली आणि तो पायऱ्या उतरला.